चाळीस सेकंदांचा वजनकाटा

मला आकड्यांची मस्ती होती, हे आधीच सांगून टाकते. शेणव्यातली बी.कॉम. झालेली, शहापूरला सहा महिने कॉम्प्युटरचा क्लास केलेली आणि आटगावजवळच्या गोदामात वरच्या काचेच्या केबिनमध्ये बसणारी मी. कुणी विचारलं की पोरगी काय करते, तर आई सांगायची, "एसीत बसते." कामाचं नाव तिला सांगता यायचं नाही. मलाही धड सांगता आलं नसतं, पण मला ते फार मोठं वाटायचं.

गोदामात घरगुती सामान यायचं. डबे, बरण्या, कढया, झारे, प्लास्टिकची स्टुलं. लोक मोबाइलवरून ऑर्डर टाकायचे. खाली रॅकमधून एकेका ऑर्डरचं सामान उचलून एका क्रेटमध्ये भरायचं. तो क्रेट पॅकिंगच्या टेबलावर जायचा. तिथे बाया सामान कागदात गुंडाळून बॉक्स बंद करायच्या आणि बॉक्स रोलरवर ढकलायच्या. रोलरच्या टोकाला वजनकाटा. वजन झालं, पत्त्याचं लेबल लागलं, की बॉक्स गाडीत. पाच वाजता गाडी निघायची आणि ती कुणासाठी थांबायची नाही. रोज शंभरेक ऑर्डरी मागे राहायच्या आणि रविवारी सगळ्यांना बोलावून त्या उरकाव्या लागायच्या.

प्रत्येक पायरीवर क्रेटच्या किंवा बॉक्सच्या चिठ्ठीवर गन मारायची, म्हणजे स्कॅन करायचं. गनने टुक केलं की तारीख, तास, मिनिट, सेकंद सगळं माझ्या स्क्रीनवर. उचल संपली, टुक. पॅकिंग सुरू, टुक. बॉक्स रोलरवर ठेवला, म्हणजे पॅकिंग पूर्ण, टुक. वजन झालं, टुक. खाली न उतरता अख्खं गोदाम मला दिसतं असा माझा समज होता.

आमच्याकडून जाणारी कंपनीची जीप सकाळी सव्वाआठला शेणव्याच्या नाक्यावर यायची. मी पुढे ड्रायव्हरजवळ बसायची. मागे वाडीतल्या चार बाया. वाडी म्हणजे गावाच्या कडेची वीस-बावीस घरं, ज्यांना स्वतःचं शेत नाही. त्यातली एक आमच्याकडे वर्षानुवर्षं भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, आणि कापणीला यायची. मी तिला मावशी म्हणायची. नातं नव्हतं, पण माझ्या पायातला काटा तिने काढलेला आहे आणि माझी शाळेची चप्पल चिखलातून तिने शोधून दिलेली आहे, तेव्हा मावशीच.

दरवर्षी दिवाळी झाली की मावशीचं घर वीटभट्टीवर जायचं. सहा-सात महिने तिकडेच, पालात. पावसाच्या तोंडावर परत यायचं तेव्हा कूड पडलेला असायचा, उंदरांनी अंथरुणं खाल्लेली असायची आणि घर नव्याने उभं करावं लागायचं. पॅकिंगचं काम लागलं त्या वर्षी तिने ठरवलं की आता भट्टी नाही. घराच्या मागे तिने घेवड्याचा मांडव घातला. मला जीपमध्ये मागून वाकून सांगितलं, "औंदा घर बारा महिने उघडं राहाणार गो. घेवडा थंडीत धरतो, तो आमी कदी खाल्लाच नाय." पाऊस आहे तोवर वेल लाव, थंडीत शेंगा तोड, एवढं साधं सुख, पण लावणारीच जर थंडीत गावात नसेल तर वेल तरी कशाला लावायचा. त्या वर्षी तिने लावला.

गणपती उरकल्यावर मुंबईहून मोठे साहेब आले. गोऱ्या रंगाचे, मऊ आवाजाचे, कधीही न चिडणारे गृहस्थ. ते म्हणाले, रोज शंभर ऑर्डरी राहतात, म्हणजे कुठलीतरी एक पायरी हळू चालतेय. ती शोधा. सगळ्या टाइमस्टॅम्प आहेतच आपल्याकडे. हे त्यांनी आमच्या मॅनेजरला सांगितलं आणि मॅनेजरने मला. मला तर दिवाळीच आल्यासारखं झालं.

दोन दिवसांत मी काढलं. दर ऑर्डरीच्या दोन टुकांमधलं अंतर घ्यायचं आणि महिन्याची सरासरी काढायची. उचल सात मिनिटं. पॅकिंग बारा. रोलरवरून वजनकाटा पार व्हायला चार. उचललेला क्रेट पॅकिंगची वाट बघत जमिनीवर पडून राहायचा तो वेळ मी गाळला, कारण पडून राहणं हे काही कुणाचं काम नव्हे. खुशीत मी तीन खांबांचा आलेख काढला आणि मधला खांब लाल केला. खिडकीतून खाली बघितलं तर पॅकिंगच्या अलीकडे क्रेटचा ढीगही लागलेला होताच. आणखी काय पुरावा हवा.

मॅनेजर म्हणाला, पॅकिंगमध्ये दहा टेबलं आहेत, त्यात कोण हळू तेही काढ. मी आयडीप्रमाणे काढलं. सहा आयडी सात मिनिटांच्या आसपास. चार आयडी थेट वीस मिनिटांवर. उतरत्या क्रमाने लावले आणि छापायला घेतलं तर पानात मावेना, म्हणून एक रकाना लपवला. तो नावांचा होता. हे मी मुद्दाम केलं नाही, पण मावत नाही म्हणून लपवायला मला दुसरा रकाना सुचला नाही, हेही खरंच. कागद मॅनेजरला दिला.

सोमवारी जीप आली तेव्हा मागची बाकं रिकामी होती. ड्रायव्हर म्हणाला, बाया पुरवणाऱ्या ठेकेदाराने शनिवारीच चौघींना कामावरून थांबवलं, स्लो आहेत म्हणून. आटगावला उतरून वर जाऊन पहिल्यांदा तो रकाना उघडला. वीस मिनिटांच्या चारही ओळींवर वाडीतली नावं. सगळ्यात वर मावशी.

खोटं कशाला बोलू, पहिले आठ दिवस मी स्वतःची समजूत घालत होते. आकडे म्हणजे आकडे. मी काही कुणाला काढा म्हणाले नव्हते. शिवाय आठवड्याचा नवा रिपोर्ट आला तो डोळे दिपवणारा. पॅकिंगची सरासरी बारावरून चार मिनिटांवर आलेली. मॅनेजरने माझं अभिनंदन केलं आणि सगळ्यांना पेढे वाटले. मी एक खाल्लासुद्धा.

मग शनिवारी मागे राहिलेल्या ऑर्डरींची यादी काढली. रोज शंभरेक. पूर्वीइतक्याच. पॅकिंगचा वेळ तिसऱ्या हिश्श्यावर आला आणि गाडीत जाणारा बॉक्स एकाने वाढला नाही, हे कसं शक्य आहे, म्हणून मी पुन्हा पुन्हा बेरीज केली. बेरीज बरोबर होती.

तेव्हा मी खाली उतरले. नोकरीला वर्ष होऊन गेलं होतं आणि कामाच्या वेळी मी पहिल्यांदा जमिनीवर उभी होते. बायांनी आधी मला वाट करून दिली, मग विसरून गेल्या. मी मोबाइलचं स्टॉपवॉच लावून वजनकाट्याजवळ उभी राहिले. माणूस बॉक्स काट्यावर ठेवायचा. काट्याचा आकडा हलत राहायचा, तो थांबेपर्यंत थांबायचं. मग प्रिंटर कुरकुरत लेबल काढायचा. लेबल सोलायचं, चिकटवायचं, गन मारायची, बॉक्स खाली. चाळीस सेकंद. पुढचा, एकेचाळीस. पुढचा, एकोणचाळीस. तो माणूस जराही आळस करत नव्हता. काटा एक, प्रिंटर एक, आणि त्याला हात दोन. तासाला नव्वद बॉक्स, त्यापुढे जायची सोयच नाही.

रोलर आखूड होता. त्यावर सहाच बॉक्स मावायचे. तो भरला की पॅकिंगवाली बाई तयार बॉक्स टेबलावरच धरून बसायची, जागा झाली की ठेवायची आणि तेव्हा कुठे "पूर्ण"ची गन मारायची. म्हणजे काट्यासाठी थांबण्याचा वेळ माझ्याकडे पॅकिंगच्या नावावर लागत होता. बॉक्स बांधायला लागायची साडेतीन मिनिटं, बाकीची वाट बघणं. चार बाया कमी झाल्या तशी वाट बघणाऱ्यांची रांग कमी झाली, म्हणून सरासरी उतरली. काटा होता तिथेच होता.

वर येऊन मी दोन महिन्यांच्या वजनाच्या टुका एकाखाली एक लावल्या. या वेळी एका बॉक्सचा प्रवास बघितला नाही, एका बॉक्सनंतर पुढचा बॉक्स किती वेळाने निघाला ते बघितलं. चाळीस, चाळीस, एकेचाळीस, चाळीस. दहा टेबलं होती तेव्हाही आणि सहा राहिली तेव्हाही. हे पहिल्याच दिवशी करायला पंधरा मिनिटं लागली असती.

पण मग त्या चौघींचीच वीस मिनिटं का? सरासरी सोडून मी मावशीच्या एका सकाळच्या टुका उघडल्या. पॅकिंग सुरू: दहा वाजून दोन मिनिटं पाच सेकंद. सात सेकंद. नऊ. बारा. चौदा. पाच क्रेट नऊ सेकंदांत सुरू. कुठलीही बाई एका वेळी पाच बॉक्स बांधत नाही. उरलेल्या सहाजणींपैकी एकीला विचारलं, तर ती सहज म्हणाली की वाडीवाल्या आधी पाची क्रेट जवळ घ्यायच्या, सगळ्यांना गन मारून घ्यायच्या, मग एकेक बांधायच्या.

मला खुर्चीत बसवेना. आवणीला मावशी काय करते हे मी लहानपणापासून बघत आले आहे, आमच्याच खाचरात. रोपांच्या मुठी आधी सगळ्या चिखलात टाकून घ्यायच्या, आपल्या वाट्याच्या किती ते नजरेत धरायचं, मग वाकून लावत जायचं. दर मुठीसाठी बांधावर कोण परत जातं? तिने क्रेटही तसेच घेतले होते. पाचवा क्रेट बिचारा टेबलाखाली आपल्या पाळीची वाट बघत होता आणि माझ्या तक्त्यात मावशी त्याच्यावर अर्धा तास काम करत होती. एक "पूर्ण" ते पुढचं "पूर्ण" असं अंतर काढलं, तर चौघी आणि बाकीच्या सहाजणी अगदी बरोबरीने. कुणीही मागे नव्हतं.

सगळं छापून, या वेळी नावांसकट, मी मॅनेजरकडे गेले. मनाशी भांडण्याची तयारी करून गेले होते. भांडण झालंच नाही. त्याने नीट बघितलं, दोन प्रश्न विचारले, दोन्ही मुद्द्याचे, आणि म्हणाला, एकदम बरोबर, काटाच अडतोय. मोठ्या साहेबांना त्याने माझ्यासमोर फोन लावला. दुसरा काटा आणि दुसरा प्रिंटर मंजूर. मग मी चौघींचं विचारलं.

तो म्हणाला, "पण तूच तर दाखवलंस ना. चार कमी केल्या आणि माल तेवढाच गेला. म्हणजे त्या जास्तीच्याच होत्या."

तो खोटं बोलत नव्हता. काटा अडतोय हे सिद्ध करायला मी जे वाक्य वापरलं, तेच उचलून त्याने त्यांच्यावर ठेवलं होतं. मी एवढंच म्हटलं की दुसरा काटा आला की तासाला दुप्पट वजनं होतील, सहा टेबलं तेवढे बॉक्स बांधू शकणार नाहीत, तेव्हा पॅकिंगच अडेल, माणसं लागतीलच. तो म्हणाला, तेव्हा बघू.

कापणी सुरू झाली होती. मावशी आमच्या शेतावर आली. मी सुट्टी काढून विळा घेऊन तिच्या शेजारची पात धरली, तर ती हसली, म्हणाली हात कापशील. मी तिला सांगितलं की मशीन येणार आहे, आली की तुम्हाला परत बोलावतील, भट्टीवाल्याला इतक्यात शब्द देऊ नका. तिने विचारलं किती दिवस. मी म्हटलं आठ दिवस. कशाच्या जोरावर म्हटलं कोण जाणे. तिने मान हलवली आणि कापत पुढे गेली.

आठ दिवस झाले. काटा भिवंडीत अडकलाय म्हणाले. मी मावशीकडे आणखी चार दिवस मागितले. दिवाळी झाली. वाडीतली बाकीची घरं ट्रकमध्ये बसून गेली आणि मावशीचं एकच घर मागे राहिलं, माझ्या भरवशावर. भट्टीवाल्याचा माणूस दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याने सांगितलं की आज निघा, नाहीतर तुमची जागा दुसऱ्याला. त्या दिवशीही मी मॅनेजरच्या केबिनबाहेर उभी होते. तो मीटिंगमध्ये होता. संध्याकाळी घरी आले तर आईने सांगितलं, गेली गो ती. शब्द दिल्यावर पावसाळ्यापर्यंत भट्टी सोडून येता येत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

ती गेल्यावर पाचव्या दिवशी काटा आला. पहिल्या आठवड्यात गाडीत जाणारे बॉक्स वाढले, आणि मी सांगितलं होतं तसंच ढीग पॅकिंगपाशीच साचला. आता पॅकिंग खरोखर अडत होतं. चार टेबलं रिकामी पडली होती आणि ठेकेदाराने मुरबाडच्या बाजूने, धसईकडून चौघी आणल्या. त्यांच्यासाठी नवी जीप लावली. मी ठेकेदाराला जाऊन विचारलं की पावसाळ्यानंतर तरी वाडीवाल्यांना घ्याल का. त्याने मोबाइलवर नावं काढून दाखवली. चारही नावांपुढे लाल खूण आणि शेरा: स्लो. हा शेरा कोण काढू शकतं, मी विचारलं. तो म्हणाला, वरून आलाय. वर म्हणजे कुठे, ते मला ठाऊक होतं. तिथे मी बसत होते, पण माझ्याकडून वर गेलेली गोष्ट खाली आणायचं बटण माझ्याकडे नव्हतं. मॅनेजरने मुंबईला मेल टाकला. मी तीनदा आठवण केली. उत्तर आलेलं मला माहीत नाही.

धसईच्या बायांना मात्र मी पहिल्याच दिवशी खाली जाऊन शिकवलं. एक क्रेट घ्यायचा, एक गन मारायची, तो बांधून ठेवायचा, मग दुसरा. दोन मिनिटं लागली. त्या चटकन शिकल्या. अवघड काही नव्हतंच.

थंडी पडल्यावर एका रविवारी मी वाडीत गेले. मावशीच्या दाराला टाटी लावून तारेने बांधलेली. मागे मांडव घेवड्याने ओथंबलेला होता. खालच्या शेंगा निबर होऊन पिवळ्या पडल्या होत्या, वरच्या कोवळ्या होत्या. तोडणारं कुणी नव्हतं. मी ओढणीत मावतील तेवढ्या तोडल्या आणि एसटीने मुरबाड रस्त्याला उतरून भट्टीवर गेले.

मावशी वाळायला लावलेल्या कच्च्या विटा उभ्या करत होती. मला बघून उठली, हात झाडले, पाणी दिलं. शेंगा बघून म्हणाली, धरला की गो चांगला. चुलीवर लगेच ठेवते म्हणाली, आणि मला बसवून शेंगा सोलायला घेतल्या. कामावरच्या बायांची चौकशी केली. नव्या आल्यात हे मी सांगितलं. मग तिने विचारलं की आमची तक्रार कुणी केलेली. तिला वाटत होतं शेजारच्या टेबलवालीने केली असणार. त्या दिवशी निघताना ती तिच्याशी बोललीही नव्हती.

मी सांगितलं. तक्रार कुणी केली नाही, कागद मी काढला. तुम्ही पाची क्रेटना आधी गन मारायच्यात, त्यामुळे तुमचा वेळ जास्त दिसला, मला ते कळलं नाही. बोलताना मला रडू आलं आणि रडण्याची लाजही वाटली, कारण रडायचा हक्क माझा नव्हता. मावशी रागावली नाही. रागावली असती तर मला बरं झालं असतं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, मध्ये एकदा विचारलं, म्हणजे टुक केलं की टाइम सुरू व्हतो? मी हो म्हटलं.

"मंग तवाच खाली येऊन सांगायचं व्हतंस गो," ती म्हणाली. "एकेक मारला असता."

पलीकडून मुकादमाने हाक मारली. तिने सोललेले दाणे परातीत एका बाजूला केले, वर फडकं टाकलं आणि विटांकडे गेली. मी परतीच्या एसटीसाठी रस्त्यावर येऊन उभी राहिले.